करारातलं ते कलम खोडू नकोस, बदल

*वकीलताई, नमस्कार. मी राजारामपुरीत राहते, कोल्हापूरच्या खाण्यावर रील करते. फॉलोअर्स 90 हजारांच्या आसपास. पहिल्यांदाच एका मोठ्या मसाला ब्रँडचं काम आलंय, पुण्याच्या एजन्सीमार्फत. दोन रील, चार स्टोरी, 50 हजार रुपये. करार नऊ पानी, इंग्रजीत. त्यात लिहिलंय की सगळा कंटेंट कायमचा, जगभर, सर्व माध्यमांत कंपनीचा. बदल ‘गरजेनुसार’. पैसे ‘कॅम्पेन पूर्ण झाल्यावर आणि क्लायंटकडून रक्कम आल्यावर 60 दिवसांत’. सहा महिने दुसऱ्या कुठल्याही खाद्यपदार्थाचा प्रचार करायचा नाही. शिवाय एजन्सीची मुलगी फोनवर म्हणाली, ‘जाहिरात’ असं लिहू नका, रीच पडतो. मैत्रीण म्हणते, मालकीचं कलम खोड आणि सही करून टाक. आई घरी कांदा-लसूण चटणी करून विकते, तिचेही रील मी टाकते. काय करू?*
*— रस्सावाली, कोल्हापूर*

मैत्रिणीचं ऐकू नकोस. तिचा हेतू चांगला आहे, पण ते कलम नुसतं खोडलंस तर रील तरीही कंपनीचीच ठरण्याची भीती आहे. फरक एवढाच की तुला वाटत राहील ती आपली आहे.

कारण कॉपीराइट कायदा, 1957 मधलं कलम 17. ज्यानं कृती निर्माण केली तो तिचा पहिला मालक, हा नियम सगळ्यांना ऐकून माहीत असतो. त्याच कलमातला अपवाद मात्र कुणी सांगत नाही. एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला किंवा फिल्म केली आणि उलट काही ठरलेलं नसेल, तर पहिली मालकी काम सांगणाऱ्याची. कायद्यातली फिल्म म्हणजे फक्त थिएटरातला सिनेमा नाही, चित्रित केलेला व्हिडिओही त्यात येतो. लग्नात पैसे देऊन बोलावलेल्या फोटोग्राफरचे फोटो लग्नघरचे होतात, ते याच तत्त्वानं. तुझं रील ब्रँडच्या सांगण्यावरून आणि 50 हजार घेऊन होणार आहे. तेव्हा करार मालकीबद्दल गप्प राहिला, तर त्या गप्प राहण्याचा फायदा त्यांना होतो.

म्हणून कलम खोडायचं नाही, त्याच्या जागी दुसरं घालायचं. इंग्रजी त्यांच्या वकिलाला करू दे, आशय असा हवा: “कंटेंटचा कॉपीराइट निर्मातीकडेच राहील. कंपनीला खाली दिलेल्या माध्यमांत, दिलेल्या मुदतीपुरता, फक्त भारतात वापरण्याचा परवाना आहे. परवाना पूर्ण रक्कम मिळाल्यावरच सुरू होईल.” हे शेवटचं वाक्य गाळू देऊ नकोस. पैसे थकले आणि त्यांनी तरीही रील वापरली, तर तुझ्या हातात नुसतं थकलेलं बिल उरत नाही, कॉपीराइटचा भंग झाल्याची तक्रार उरते. अशा नोटिशीला कंपन्या बिलाच्या आठवणीपेक्षा पुष्कळ लवकर उत्तर देतात.

मुदतीचा आकडाही तूच घाल. परवान्यात किंवा हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. रील्सच्या जगात पाच वर्षं म्हणजे दोन-तीन जन्म. तोवर मसाल्याचं मिश्रण बदललेलं असेल, कदाचित कंपनीच विकली गेली असेल, आणि तू मात्र जुन्या पाकिटाकडे बघून ‘व्वा’ म्हणत असशील.

आता हे वाच: ‘कायमचा, जगभर, सर्व माध्यमांत’ या शब्दांत त्यांनी नेमकं काय काय विकत घेतलंय. तुला वाटतंय 50 हजार रील करून तुझ्या पानावर टाकण्याचे आहेत. करारानुसार त्याच पैशात तांबड्या रश्श्याची वाटी हातात धरलेला तुझा फोटो ताराराणी चौकातल्या होर्डिंगवर लागू शकतो, पाकिटावर छापला जाऊ शकतो, ऑनलाइन दुकानाच्या पानावर बसू शकतो. तुझा आवाज कापून दुसऱ्याच जाहिरातीला लावता येतो. आणि त्यांना सगळ्यात जास्त हवं असतं ते म्हणजे तुझं रील पैसे घालून, तुझ्याच अकाउंटच्या नावानं जाहिरात म्हणून फिरवणं. इन्स्टाग्रामवर याला पार्टनरशिप ॲड म्हणतात. तुला कधी न बघितलेल्या लाखो लोकांना ती दिसते, वर नाव तुझं असतं आणि मसाला आवडला नाही तर शिव्या तुझ्या कमेंटमध्ये येतात. ब्रँडसाठी हे फार किमती असतं, कारण कंपनीच्या पानावरून आलेल्या जाहिरातीपेक्षा माणसाच्या तोंडून आलेली जाहिरात लोक जास्त बघतात. अशी किमती गोष्ट फुकट का द्यायची?

त्यासाठी ब्रँडला तुझी परवानगी लागते. ती दोन प्रकारांनी देता येते. एकात पूर्ण अकाउंटसाठी परवानगी जाते, दुसऱ्यात एकाच पोस्टचा कोड जातो. तू फक्त कोड दे, तोही जाहिरातीच्या मुदतीचे पैसे ठरल्यावर. मुदत संपली की परवानगी बंद करायची, हे करारात आणि तुझ्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्येही लिहून ठेव. सगळ्या अकाउंटची परवानगी एकदा दिली की तुझ्या इतर पोस्टवरही त्यांची जाहिरात चालू शकते, आणि तुला ते कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवल्यावर कळतं.

दराचा बाजारभाव छापून येत नाही, म्हणून मी माझ्याकडे आलेल्यांना ज्या पद्धतीनं हिशेब मांडायला सांगते तो इथे देते. 50 हजारांत रील तयार करणं, तुझ्या पानावर टाकणं आणि ब्रँडनं स्वतःच्या पानावर 90 दिवस ठेवणं एवढंच. पैसे घालून जाहिरात करायची असेल तर एका रीलला 30 दिवसांचे 10 हजार. दोन्ही रील दोन महिने फिरवल्या तर 40 हजार आणखी. होर्डिंग, पाकीट, टीव्ही, दुकानातला स्टँड यांना वेगळी लेखी परवानगी आणि वेगळी रक्कम. कच्चं फुटेज द्यायचं नाही. लांबी कमी करणं किंवा खाली अक्षरं घालणं चालेल, पण तुझा आवाज, चेहरा किंवा वाक्यं घेऊन नवीन काही जोडायचं नाही. ते 40 हजारांवर घासाघीस करतील, करू देत. मुद्दा असा की ते पैसे कशाचे आहेत हे आता दोघांनाही माहीत असेल.

याच ओघात गाण्याचं बघ. ट्रेंडिंग गाणं तुझ्या रोजच्या रीलवर चालतं म्हणून पैसे घेऊन केलेल्या जाहिरातीवर चालेलच असं नाही. इन्स्टाग्रामच्या लायब्ररीतली बरीच गाणी व्यावसायिक वापरासाठी नसतात. तुझ्या करारात ‘तिसऱ्या पक्षाच्या हक्कांच्या भंगाची सर्व भरपाई निर्माती करेल’ असं एक वाक्य नक्की असेल, शोध. ब्रँडनंच गाणं सुचवलं असेल तर त्याची परवानगी आणि भरपाई ब्रँडची, असं त्यापुढे जोड. नाहीतर तव्याचा चर्रर आवाज वापर, तो आपलाच असतो.

आता कामाचं मोजमाप आणि पैसे. ही दोन कलमं करारात पाच-सहा पानांच्या अंतरावर असतात, पण वाचायची एकत्र, कारण काम कधी ‘पूर्ण’ झालं यावर पैशाचं घड्याळ चालू होतं. तुझ्या करारात ते घड्याळ चालूच होत नाही, कसं ते बघ. ‘कॅम्पेन पूर्ण’ म्हणजे तुझं काम पूर्ण नव्हे. त्या कॅम्पेनमध्ये तुझ्यासारखे आणखी वीस-तीस जण असतील. त्यातल्या शेवटच्याचं रील लागेपर्यंत तुझ्या पैशाचा विषय निघणार नाही. मग क्लायंट एजन्सीला पैसे देईल, देईल तेव्हा. त्यानंतर 60 दिवस. क्लायंटनं दिलेच नाहीत, तर या वाक्यानुसार एजन्सी तुझं काही देणंच लागत नाही. ब्रँड आणि एजन्सी यांच्यातल्या व्यवहाराची जोखीम तू का घ्यायची? ती घेण्यासाठीच तर एजन्सी स्वतःचं कमिशन घेते.

त्याऐवजी असं मांड. एक रील 45 सेकंदांची, उभी. दुसरी 30 सेकंदांची. चार स्टोरी, त्यातल्या दोनांत लिंक. आधी संहिता, ती त्यांनी मंजूर केल्यावरच शूट. ही ओळ तुझे सगळ्यात जास्त दिवस वाचवेल, कारण ‘गरजेनुसार बदल’ बहुतेक वेळा शूट झाल्यावर सुचतात. कच्चा व्हिडिओ पाठवल्यापासून तीन कामाच्या दिवसांत सगळे बदल एकाच मेलमध्ये. असे बदल दोनदा फुकट. तिसऱ्यांदा, किंवा मंजूर संहितेबाहेरचं काही हवं असेल तर पुन्हा शूटचे पैसे. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर मंजूर समजलं जाईल. रील तुझ्या पानावर किती दिवस ठेवायची तेही लिही, 90 दिवस पुरे. ‘कधीच काढायची नाही’ असं असेल तर ती तुझ्या पानावरची कायमची पाटी झाली.

पैसे: निम्मे, म्हणजे 25 हजार, सही झाल्यावर आणि शूटच्या आधी. उरलेले 25 हजार तुझी शेवटची पोस्ट लागल्यापासून 30 दिवसांत, क्लायंटनं एजन्सीला दिले असोत वा नसोत. आणि त्यांनीच काम मध्ये थांबवलं तर? संहिता मंजूर झाल्यानंतर रद्द केलं तर आगाऊ रक्कम तुझी, शूट झाल्यावर रद्द केलं तर पूर्ण रक्कम. हे कुणी आपणहून लिहून देत नाही.

इथे तुझ्या बाजूनं एक कायदा उभा आहे, मात्र त्यासाठी सही करण्याआधी एक काम करावं लागेल. उद्यम नोंदणी कर. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन क्रमांकावर होते, एक रुपयाही लागत नाही. पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नाही, बंद कर. सेवा देणाराही यात सूक्ष्म उद्योग ठरतो आणि मग 2006 चा सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायदा तुला लागू होतो. त्यानुसार खरेदीदार आणि तू मिळून कितीही लांबची तारीख ठरवली तरी काम स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे पैसे ढकलता येत नाहीत. काहीच ठरलं नसेल तर 15 दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. म्हणजे ‘60 दिवस’ हे त्यांचं कलम कागदावर राहिलं तरी टिकत नाही.

याच कायद्यातली एक बारीक तरतूद मला फार आवडते. काम हातात दिल्यापासून 15 दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही, तर काम दिलं त्याच दिवशी ते स्वीकारलं गेलं असं धरतात. ‘क्लायंट अजून बघतोय’ असं फोनवर सांगितलेलं हरकतीत मोजत नाहीत. म्हणून प्रत्येक गोष्ट मेलवर पाठव: संहिता, कच्चा व्हिडिओ, लागलेल्या पोस्टची लिंक, आठवड्यानंतरच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट आणि बिल. बिलावर उद्यम क्रमांक छाप. समज, तू 5 तारखेला शेवटची स्टोरी लावून त्याच दिवशी लिंक आणि बिल मेल केलंस आणि 20 तारखेपर्यंत लेखी काही आलं नाही. तर घड्याळ 5 तारखेपासून चालू आहे, तू ठरवलेल्या 30 दिवसांसाठीही आणि कायद्याच्या 45 दिवसांसाठीही. तरीही थकलं तर सूक्ष्म व लघू उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो, आणि खरेदीदार भारतात कुठेही असला तरी तुझ्या भागातल्या परिषदेला तो ऐकता येतो. करारात ‘वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात’ वगैरे असेल तर घाबरून जाऊ नकोस. नोंदणी कामाचा करार होण्याआधीची हवी, हे मात्र पाळ. पैसे अडकल्यावर केलेली नोंदणी जुन्या थकबाकीला उपयोगी पडेलच असं नाही.

आता ‘जाहिरात लिहू नका’. त्या मुलीला सांग, हे मेलवर पाठवा. पाठवणार नाही, कारण तिलाही माहीत आहे. ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे इन्फ्लुएन्सर्ससाठीचे नियम जून 2021 पासून आहेत, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्ये आपली मार्गदर्शक पुस्तिका काढली. दोन्हींचा सूर एक: पैसे, फुकट वस्तू, सवलत, काहीही घेतलं असेल तर ते प्रेक्षकाला सहज दिसेल अशा जागी सांगायचं. हॅशटॅगच्या गर्दीत शेवटी टाकलेलं किंवा बायोमध्ये एकदा लिहून ठेवलेलं चालत नाही. कौन्सिलच्या नियमात व्हिडिओसाठी मोजमापही आहे. 15 सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत किमान 3 सेकंद, 15 सेकंद ते 2 मिनिटांपर्यंतच्यात एक तृतीयांश वेळ. म्हणजे तुझ्या 45 सेकंदांच्या रीलवर ‘जाहिरात’ हा शब्द 15 सेकंद पडद्यावर हवा, 30 सेकंदांच्या रीलवर 10. मराठी रीलला मराठी शब्द चालतो. इन्स्टाग्रामचं पेड पार्टनरशिपचं लेबलही चालू कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. तोंडानंही एकदा सांग.

रीच पडेलही थोडा. पण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली प्रचार करणाऱ्यालाही 10 लाखांपर्यंत दंड आणि एक वर्षापर्यंत प्रचार करण्यावर बंदी होऊ शकते, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत बंदी. करारात म्हणून दोन ओळी घाल: लेबल कायद्याप्रमाणे लावलं जाईल आणि त्यावरून पैसे कापता येणार नाहीत, आणि मसाल्याबद्दलचे सगळे दावे कंपनीनं लेखी पुराव्यासह द्यायचे. संहितेत ‘शंभर टक्के शुद्ध’ असं असेल तर तिथेच अडव. खाद्यपदार्थांवर ‘100 टक्के’ असे दावे करू नका असं एफएसएसएआयनं 2025 मध्ये कंपन्यांना बजावलंय. प्रचार करणाऱ्यानं खातरजमा केली होती असं दाखवता आलं तर दंडातून सुटका आहे, आणि खातरजमा म्हणजे तुझ्या मेलबॉक्समधला तो पुरावा.

आईच्या चटणीकडे येते. ‘कुठल्याही खाद्यपदार्थाचा प्रचार नाही’ या शब्दांत सही केलीस तर सहा महिने तुझं पानच बंद. मिसळ, भेळ, गूळ, सगळं खाद्यपदार्थच. ते कलम ‘दुसऱ्या कंपनीच्या पाकीटबंद तयार मसाल्याची पैसे घेऊन केलेली जाहिरात’ इथवर आण, मुदत शेवटच्या पोस्टनंतर 30 दिवस, आणि ‘निर्मातीच्या कुटुंबाचा घरगुती व्यवसाय यातून वगळला आहे’ हे शब्द स्पष्ट लिहून घे. कांदा-लसूण चटणी त्यांच्या मसाल्याशी थेट स्पर्धा करते असं त्यांचा वकील म्हणू शकतो, आणि खरं सांगायचं तर चुकीचं म्हणणार नाही. एवढा उन्हाळा मिरच्या वाळवून झाल्यावर एप्रिलमध्ये रील लावता आली नाही तर आई तुला घरात घेणार नाही. आणि हो, तिच्या चटणीच्या रीलवरही ‘ही माझ्या आईची चटणी’ असं सांगायला हवं. ग्राहक व्यवहार विभागाच्या पुस्तिकेत कुटुंबाचं नातंही सांगण्याजोग्या हितसंबंधांत येतं. त्यानं विक्री कमी होईल असं मला तरी वाटत नाही.

एजन्सी सगळं एकदम मान्य करणार नाही. तेव्हा काय सोडायचं ते आधीच ठरव. आगाऊ रक्कम 50 ऐवजी 30 टक्क्यांवर आली तरी चालेल, 30 दिवसांचे 45 झाले तरी चालेल, जाहिरातीच्या मुदतीचा दर खाली आला तरी चालेल. मालकीच्या जागी परवाना, मुदतीचा आकडा, ‘क्लायंटकडून आल्यावर’ हे शब्द काढणं आणि आईची सूट, एवढ्या चारांवर हलू नकोस. बदललेल्या पानांवर दोघांच्याही सह्या घे, कारण परवाना लेखी लागतो, व्हॉट्सॲपवरच्या ‘ओके’वर इथे विसंबू नकोस. सही झालेली प्रत आणि आगाऊ रक्कम हातात येईपर्यंत त्यांना संहिता पाठव, पण कॅमेरा काढू नकोस.